गोल अक्षरं म्हणजे द्रविडी भाषा?

"अक्षरं गोल गोल आहेत, म्हणजे नक्की दक्षिणेकडची द्रविडी भाषा" - नाही हो, असं होत नाही. उडिया आणि सिंहली बघा, अक्षरं चांगली गोल पण दोन्ही भाषा आपल्या मराठीच्याच घराण्यातल्या. लिपीवरून भाषा ठरवायला गेलात की फसलात.

आमच्या बडोद्याच्या घरी ट्रंकेत आजोबांचा एक जुना कागद होता, त्याचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला तर कोणी तेलुगू म्हणालं कोणी कन्नड. पण नीट बघितलं तर आडवी रेघ समासापासून समासापर्यंत सलग, आधी रेघ ओढून मग अक्षरं खाली टांगलेली, शब्दांमध्ये जागाच नाही. ही मोडी लिपीची खूण. शब्द तुटत नसतील तर ओळीत परत परत येणारे तुकडे शोधायचे, मला 'आहे' आणि 'चे' सापडले, म्हणजे मराठी.

गंमत पुढेच आहे. तारखेच्या जागी 'खमस सबैन मया व अलफ' असं निघालं आणि मामा म्हणे अरे हे तर अरबी! शब्द अरबीच आहेत, पाच, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे जुन्या कालगणनेतला शुहूर सन 1175. त्यात 599 मिळवा की मृग नक्षत्रापासून सुरू होणारं 1774-75 चं वर्ष येतं. मराठी कागदांत सन असाच लिहायचे, म्हणून तारखेच्या ओळीवरून भाषा कधीच ठरवू नका, मजकुरातली क्रियापदं आणि प्रत्यय बघा.