प्रतिसाद: हापूसची पेटी भेट पाठवताना

> "विक्रेता अनोळखी आहे, पण रेटिंग ४.८ आहे. पुण्याला पेटी पाठवू का?"

आकड्यावर जाऊ नका, रिव्ह्यूंच्या तारखा बघा. आपल्याकडचा हापूस साधारण मार्च ते मे एवढाच असतो. "आंबे एकदम गोड" असं कुणी ऑक्टोबरात लिहिलं असेल, तर ते रिव्ह्यू बनावट तरी आहेत किंवा दुसऱ्याच मालाचे. "देवगड" छापलेली पेटी कुठेही मिळते, म्हणून विक्रेत्याकडे बागायतदाराचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, नोंदणी क्रमांक मागा. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळाला. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर आहेत. नुसतं "अस्सल आहे हो, खात्रीने घ्या" असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

खरी गोम परताव्याच्या अटीत असते. "डिलिव्हरीपासून २४ तासांत फोटो पाठवा" ही अट दिसायला रास्त वाटते, पण पेटीत फळ कच्चं येतं आणि अढीत पिकायला चार-सहा दिवस लागतात. साका बाहेरून दिसत नाही. कापल्यावरच आत पांढुरका, स्पंजासारखा भाग निघतो, तोवर मुदत संपलेली असते. त्यामुळे "साका निघाल्यास कापलेल्या फळाच्या फोटोवर भरपाई, मुदत आठ दिवस" हे पैसे भरण्याआधी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. शिवाय भेट असल्याने पेटी उघडणार दुसराच, आणि तो संकोचाने तक्रार करत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा, की पेटी आली त्याच दिवशी उघडायची, नग मोजायचे आणि लेबलासकट फोटो तुम्हाला टाकायचा.