पगाराच्या चिठ्ठीचा फोटो : उरलेले पैसे कुठे गेले?

«जळगाव एमआयडीसीत लागलो. ऑफर लेटरवर महिना 30,640 होते, खात्यात 25,160 आले. स्लिपचा फोटो टाकलाय, काय कापलं?»

भाऊ, फोटोत डाव्या बाजूला बेसिक 22,000 आणि घरभाडे भत्ता 6,000 दिसतोय. हा झाला 28,000 ग्रॉस, आणि कपात यातूनच होते. 30,640 मध्ये कंपनीने तिच्या वाट्याचा पीएफही धरलाय. ती रक्कम हातात येतच नाही, म्हणून नोकरी घेताना ग्रॉस विचारावा.

उजवी बाजू बघा. पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 2,640. घरभाडे भत्त्यावर तो लागत नाही. व्यवसाय कर 200. दोन्ही वजा केले की बरोबर 25,160 उरतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेव्हा शंभर कमी आले तर घाबरू नका.

आता खरं तपासायचं ते पीएफचं पासबुक. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, टाकून उघडा. तुमचे 2,640 पूर्ण दिसले पाहिजेत. तुम्ही आधीपासून पीएफच्या पेन्शन योजनेत असाल, तर कंपनीच्या 2,640 पैकी 1,250 पेन्शनच्या रकान्यात आणि 1,390 पीएफमध्ये जातात, त्यामुळे कंपनीने कमी भरले असं समजू नका. पण स्लिपवर कपात आहे आणि पुढचा महिना संपला तरी पासबुकात नोंदच नाही, तर आधी हिशेब विभागाकडे पीएफ भरल्याचं चलन मागा. तिथे टोलवाटोलवी झाली, तर हीच स्लिप जोडून पीएफ कार्यालयात तक्रार करा. म्हणून दर महिन्याची स्लिप जपून ठेवा.