अनुभव धागा: पहिला लॅपटॉप घेताना रॅम, स्टोरेज, प्रोसेसर यांत तुम्ही कुठे अडकलात?

वैशाली, सांगली

मुलीला बी.कॉम.ला प्रवेश मिळालाय, सोबत टॅलीचा क्लास लावलाय. घरात आजवर लॅपटॉप नव्हता. 45 हजारांपर्यंत सोय केली आहे. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले, किंमत जवळजवळ सारखीच, आणि दोन्हींच्या चिठ्ठीवर 8 जीबी, 512 जीबी. मी विचारलं, 512 जीबी मेमरी आहे तर वर आणखी 8 कशाला? दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, ते वेगळं, हे वेगळं," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पहिल्यात रायझन 5 7520U आहे, दुसऱ्यात आय थ्री, i3-1215U. मुलगी म्हणते, तीनपेक्षा पाच मोठा, पहिलाच घेऊ. तुम्ही पहिला लॅपटॉप घेताना काय बघितलं, काय बघायचं राहिलं, नंतर कशाचा त्रास झाला, ते सविस्तर लिहा. मला आकड्यांपेक्षा तुमचे अनुभव लवकर कळतील.

श्रीकांतकाका, रत्नागिरी

वैशालीताई, तुमच्यासारखाच मीही या 'मेमरी' शब्दाने फसलो. मुलाने दिलेला लॅपटॉप दोन वर्षांत फार मंदावला. नातवाशी व्हिडिओवर बोलताना त्याचा आवाज यायचा, चेहरा जागीच थांबलेला असायचा. स्क्रीनवर एकदा मेमरी कमी असल्याची सूचना आली. मी समजलो, आत सामान फार झालं. तीन दिवस बसून फोटो पुसले. त्यात बायकोच्या साठीच्या समारंभाचे फोटो होते, ते दुसरीकडे कुठेच नव्हते. लॅपटॉप होता तितकाच मंद राहिला. पुढे दुरुस्तीवाल्याने दाखवलं, साठवणीची जागा निम्मी रिकामी होती. भरत होती ती रॅम, आणि फोटोंचा तिच्याशी काही संबंध नव्हता. म्हणून सांगतो, मेमरी म्हटलं की आधी विचारायचं, कुठली?

समीर, लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

काका, फोटोंचं वाचून फार वाईट वाटलं. हे मी दर महिन्याला बघतो. ताई, तुमच्या मुलीच्याच कामावरून सांगतो.

तिने जमाखर्चाची एक्सेल फाइल केली आणि लॅपटॉप बंद केला. फाइल राहिली 512 जीबीत. वीज गेली तरी ती तिथे आहे. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की तिची एक प्रत 8 जीबीवाल्या रॅममध्ये येते, आणि प्रोसेसर बेरीज-वजाबाकी करतो ती त्या प्रतीवर. सेव्ह केलं की ती परत खाली साठवणीत उतरते. सेव्ह न करता लॅपटॉप अचानक बंद पडला तर केलेलं काम जातं, ते याचमुळे: ते अजून रॅममध्येच होतं.

आता एक्सेलसोबत ब्राउझर, ऑनलाइन लेक्चर, टॅली, सगळंच उघडं आहे. रॅम भरत आली की विंडोज त्यातला न लागणारा भाग तात्पुरता साठवणीत नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. साठवण रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. म्हणून एका खिडकीतून दुसरीत जाताना लॅपटॉप दोन-चार सेकंद गप्प बसतो. काकांना सूचना आली ती या टप्प्याची.

दुखणं कुठलं ते Ctrl+Shift+Esc दाबून कळतं. Task Manager उघडतो, त्यात Performance. रोजचं सगळं काम उघडं ठेवूनच बघायचं, नुसता चालू करून नाही. माझ्याकडे परवा आलेल्या एका 8 जीबीच्या मशीनवर वापरायला 7.7 मिळत होती, कारण थोडी स्क्रीनचं काम करणारा ग्राफिक्सचा भाग स्वतःसाठी राखतो. चालू केल्या केल्या साडेतीन गेली होती. ब्राउझरमध्ये बारा टॅब आणि व्हिडिओ मीटिंग उघडल्यावर आकडा 7.1 वर. खाली Committed होतं 10 च्या पुढे, म्हणजे मशीनने मान्य केलेली मागणी असलेल्या रॅमपेक्षा जास्त. प्रोसेसर मात्र 25 टक्क्यांवर निवांत. त्या मशीनला हवी होती रॅम. मालकाला कुणीतरी नवीन लॅपटॉप घ्यायला सांगितलं होतं.

ओंकार, ठाणे

एवढं खोलात कशाला? आय सेव्हन घ्या, विषय संपला. मी जुन्या बाजारातून आय सेव्हन 22 हजारांत घेतला, तीन वर्षं उत्तम चालला. रॅम नंतर टाकता येते, प्रोसेसर बदलता येत नाही. स्टोरेज तर नुसती जागा, वेगाशी संबंध नाही.

समीर, लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

ओंकारदादा, लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येत नाही हे अगदी बरोबर. पण तुमच्या आय सेव्हनचा पुढचा नंबर काय?

ओंकार, ठाणे

i7-7500U. विंडोज 11 घेत नाही तो, ते खरं.

समीर, लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

तो सातव्या पिढीचा. त्यात दोन कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे दोन भाग. ताईंच्या चिठ्ठीतला i3-1215U बाराव्या पिढीचा, त्यात सहा कोअर: दोन जोरकस, चार कमी वीज खाणारे. नावात सेव्हन असून जुना मागे पडतो. विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी, आय थ्री-आय सेव्हन बनवणाऱ्या इंटेलच्या बाबतीत, जवळजवळ आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पहिला लॅपटॉप म्हणून कुणी जुना आय सेव्हन देऊ केला तर आधी पिढी बघा.

आणि स्टोरेजचा वेगाशी संबंध आहे, चांगलाच आहे. जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवाल्या मशीनवर Task Manager मध्ये Disk 100 टक्के दिसते आणि बाकी सगळं वाट बघत बसतं. तिथे न फिरणारी, चिपवाली एसएसडी टाकली की गिऱ्हाइकाला वाटतं मशीनच बदललं.

मुग्धा, कोल्हापूर

स्टोरेजचा अनुभव माझा. 2020 मध्ये ऑनलाइन कॉलेजसाठी घाईत सर्वात स्वस्त लॅपटॉप घेतला. सेलेरॉन प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण. ती साठवण eMMC होती, बोर्डालाच चिकटवलेली, हे मला दीड वर्षाने कळलं. विंडोज आणि ऑफिस बसल्यावर हातात दहा-बारा जीबी उरत. मोठा अपडेट यायचा, जागा नाही म्हणायचा, अर्धवट राहायचा, पुन्हा यायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री मी डाउनलोड्स रिकामं करत बसले होते. ताई, 512 आहे ना तुमच्यात, मग ती काळजी नाही. फक्त घरी 476 दिसेल, घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने.

प्रज्ञा, पणजी

माझ्या फोनमध्ये 8+8 रॅम आहे, सेटिंगमधून वाढवता येते. लॅपटॉपलाही तसं करता येत असेल तर जास्त पैसे कशाला घालायचे?

समीर, लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

प्रज्ञाताई, फोनमधले ते दुसरे 8 म्हणजे साठवणीतलाच उसना तुकडा. लॅपटॉपमध्ये विंडोज हे आपोआपच करतं, वर मी लिहिलं ते. त्याने काम अडत नाही, पण खऱ्या रॅमचा वेग येत नाही.

निखिल, सोलापूर

इथे सगळे रॅम रॅम म्हणताहेत, माझं उलट झालं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कुणीतरी सांगितलं म्हणून 8 ची 16 जीबी केली. तासाभराचा व्हिडिओ बाहेर काढायला लागणारा वेळ काही कमी झाला नाही. रॅम निम्मी मोकळी, आणि CPU सुरुवातीपासून शेवटपर्यंत 100. पंखा इतका ओरडायचा की आई दार लावून घ्यायची. मला प्रोसेसरच हवा होता. शेवटी प्रोसेसरच्या नावामागे H असलेला घेतला. जाड आहे, चार्जर वजनदार आहे, बॅटरी लवकर उतरते, पण कामाला तोच पाहिजे.

समीर, लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

निखिलचं बरोबर आहे, काम वेगळं तर दुखणं वेगळं. टॅली आणि एक्सेलला नावामागे U असलेला, कमी वीज खाणारा प्रोसेसर पुरतो.

आता ताईंचे दोन लॅपटॉप. 7520U मध्ये पुढचा 7 बघून नवा वाटतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या या नंबरात तिसरा आकडा आतली रचना सांगतो. इथे तो 2, म्हणजे झेन 2, जुनी रचना, चार कोअर. 7530U असतं तर झेन 3 आणि सहा कोअर. फरक एका आकड्याचा, म्हणून मुलीला तिसरा आकडा बघायला शिकवा. 7520U वाईट नाही, तिचं काम करेल. पण मला खटकते ती रॅम. या प्रोसेसरसोबत LPDDR5 जातीची रॅम येते, ती बोर्डावर झाळलेली असते. 8 घेतली की ती कायम 8. आय थ्रीसोबत बऱ्याचदा DDR4 ची सुटी पट्टी आणि एखादा रिकामा स्लॉट मिळतो. बऱ्याचदा म्हटलं, नेहमी नाही.

म्हणून दुकानातला डेमो पीस चालू करायला सांगा. Task Manager, Performance, Memory. खाली Form factor समोर SODIMM असेल तर पट्टी सुटी. Row of chips असेल तर झाळलेली, मग Slots used समोर काहीही लिहिलेलं असो, त्यावर विसंबू नका. काही मॉडेलमध्ये अर्धी झाळलेली आणि एक स्लॉट असंही असतं. त्यामुळे कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेल नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून एकदा ताडून बघा.

मुग्धा, कोल्हापूर

मग थेट 16 च का घेऊ नये? चार वर्षं वापरायचाय ना?

समीर, लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

घेतला तर उत्तमच. पण त्यासाठी बजेट ताणायला लागत असेल तर स्लॉटवाला 8 घेऊन वर्षाने पट्टी टाका, असं माझं मत.

ओंकार, ठाणे

मला नाही पटत. वर्षाने पट्टीचा भाव काय असेल कुणाला माहीत? आणि दोन वेगळ्या पट्ट्या जमल्या नाहीत तर?

समीर, लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

भावाचं तुमचं म्हणणं मान्य, तो वरखाली होतो. दोन वेगळ्या पट्ट्या बहुतेक वेळा चालतात, दोघींतल्या हळू पट्टीच्या वेगाने. क्वचित एखादी जोडी मशीनला मानवत नाही. म्हणून दुकानातच बसवून, चालू करून घ्यावी.

वैशाली, सांगली

आज पुन्हा गेलो. मुलीनेच तीन बटणं दाबली, दुकानातला मुलगा बघत होता. पहिल्यावर Row of chips. दुसऱ्यावर SODIMM, आणि Slots used समोर 1 of 2, म्हणजे एक स्लॉट रिकामा. तिने दोन्हींचे फोटो काढले. श्रीकांतकाका, ते फोटो तिने तिथेच गूगल ड्राइव्हवरही चढवले, तुमचं वाचलं होतं तिने.

दुसराच घेणार असं ठरत आलंय. एकच अडलंय: आपण बाहेरून पट्टी बसवली तर वॉरंटी राहते का? दुकानदार म्हणतो जाते, त्यांचाच माणूस फोनवर म्हणाला राहते, फक्त सेंटरमध्ये बसवा. कुणी प्रत्यक्ष केलंय का?