गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेवर चालणारा धंदा: जुलैअखेरची शिल्लक कोणाची?

फोंड्याचा कारखानदार (मूळ नोंद):
मॉड्युलर किचनच्या धंद्याला भांडवल लागते, ही समजूत आता जुनी झाली. गिऱ्हाईक साठ टक्के रक्कम आगाऊ देते आणि प्लायवूडवाला महिन्याची उधारी देतो. मे महिन्यात रिकाम्या खात्यावर सुरुवात केली आणि जुलैअखेर खात्यात १०.८० लाख आहेत. त्यातून आठ लाखांचे एजबँडिंग मशीन रोखीने घेतो आहे. बँकेचे व्याज भरण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी ते खुशाल भरावे.

मडगावचा हिशेबनीस:
शेवटच्या वाक्याने डिवचले, म्हणून सविस्तर लिहितो. आकडे आपणच मागे दिलेले घेतो. चार लाखांच्या एका किचनवर ऑर्डरच्या महिन्यात २.४० लाख आगाऊ येतात आणि मजुरी-वाहतुकीचे ८० हजार जातात, म्हणजे १.६० लाख हाती राहतात. पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाकडून उरलेले १.६० लाख येतात, पण मालाचे २.४० लाख द्यावे लागतात, म्हणजे त्या महिन्यात ८० हजार उलट खिशातून जातात. भाडे, पगार आणि वीज यांचे दरमहा १.२० लाख वेगळे.

मेमध्ये दोन, जूनमध्ये चार आणि जुलैत सहा ऑर्डरी आल्या, म्हणून शिल्लक २ लाख, ५.६० लाख आणि १०.८० लाख अशी चढत गेली. त्यातले ४.८० लाख जुलैच्या सहा किचनांपायी ऑगस्टमध्ये बाहेर जायचे आहेत. आपले फक्त ६ लाख. चतुर्थीपूर्वी काम पुरे होणार नाही हे ठाऊक असल्याने ऑगस्टमध्ये नवी ऑर्डर फार तर एक येईल. तिचे १.६० लाख धरूनही भाडे-पगाराच्या १.२० लाखांसह त्या महिन्यात ४.४० लाख कमी पडतात, आणि मशीन घेतल्यावर आपल्याकडे २.८० लाखच उरतात. ऑर्डरी दरमहा सहावर स्थिर राहिल्या तरी महिन्याला ३.६० लाख, म्हणजे निव्वळ नफाच, खात्यात पडेल. जादा पैसा येतो तो ऑर्डरी वाढत असतात तोवरच, आणि त्या घटल्या की तोच पैसा परत जातो.

फोंड्याचा कारखानदार:
चतुर्थीनंतर दिवाळी येते, मग लग्नसराई, आणि डिसेंबरात परदेशातले गोमंतकीय घरी येतात; हे वर्षचक्र पगारावर जगणाऱ्याला कसे कळणार? शिवाय एखादा महिना अडलाच तर उधारी तीस दिवसांची साठ करून घेईन. पुरवठादाराला धंदा हवा असतो.

म्हापशाचा प्लायवूडवाला:
'करून घेईन' हा शब्दप्रयोग वाचून हसावे की संतापावे, हे समजेना. साठ दिवसांचा माल मी द्यायचा आणि आपण त्यावर मशीन घ्यायचे, मग मला माल पाठवणारा कारखाना माझ्यासाठी थांबतो काय? रोखीने घेणाऱ्याला मी दोन टक्के सूट देतो. ती सोडून महिन्याने पैसे देणारा वर्षाला सुमारे चोवीस टक्के व्याज भरत असतो, फक्त ते बिलावर छापलेले नसते. गेल्या वर्षी एका फर्निचरवाल्याने चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात फोन बंद केला आणि माझे पैसे दिवाळीनंतर आले. त्या महिन्यात माझ्या माणसांचे पगार कोणाच्या आगाऊ रकमेतून द्यायचे होते?

डिचोलीची गृहिणी:
आमचे तर आगाऊ दिलेले पैसेच अडकले आहेत. ठेकेदार प्रत्येक वेळी 'माल यायचा आहे' म्हणतो. आमच्या पैशांतून दुसऱ्याच्या घराचे दरवाजे बसले, असा आमचा संशय आहे. अशा लोकांना आगाऊ रक्कम घेण्यास बंदीच हवी.

मडगावचा हिशेबनीस:
ताई, आपला संशय रास्त असू शकतो, कारण नव्या ऑर्डरीच्या पैशाने जुन्या ऑर्डरीचा माल उचलला जाणे, हीच ही रचना डळमळू लागल्याची पहिली खूण असते. मात्र बंदी घातली तर प्रामाणिक कारागिरालाही कर्जावाचून माल उचलता येणार नाही.

साठ दिवसांविषयी: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटली तर २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. किचनच्या कपाटांची शटर बनवून देणाऱ्या छोट्या कारखान्याला हे लागू पडते.

म्हापशाचा प्लायवूडवाला:
आणि माझ्यासारख्या व्यापाऱ्याला पडत नाही, हेही लिहा ना! नोंदणी आम्हीही केली, पण तिचा उपयोग बँकेच्या कर्जापुरताच. म्हणूनच सगळे आमची बिले मागे ठेवतात.

मडगावचा हिशेबनीस:
आपले म्हणणे खरे आहे. तो नियम मलाही अन्यायाचा वाटतो.

फोंड्याचा कारखानदार:
एवढी विद्वत्ता फुकटात मिळाली, आभारी आहे. मशीनसाठी दोन लाख भरून बाकीचे कर्ज घेईन. बँकेचे साहेब खूश होतील. मात्र आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात कुलूपबंद ठेवण्याचा सल्ला कोणी देऊ नये, कारण त्याच रकमेतून मजुरी जाते.

मडगावचा हिशेबनीस:
मजुरी त्यातून जरूर द्यावी. पण महिनाअखेर अपुऱ्या कामांवर अजून होणारा खर्च आणि न दिलेली बिले यांची बेरीज करून, त्यातून गिऱ्हाइकांकडून यायची रक्कम वजा करावी. जे उरेल तितके पैसे खात्यात असूनही आपले नाहीत.

म्हापशाचा प्लायवूडवाला:
साठ दिवसांचे काय ठरले, ते मात्र अजून कोणी बोलले नाही.