बॉक्स प्लॉटच्या प्रश्नात (क) की (ड)? आन्सर की (ड) म्हणतेय

ऐरोलीची तयारी
टेस्ट सिरीजमधला प्रश्न आहे, चित्र चढत नाहीये म्हणून वर्णन टाकते. ठाण्याहून महापेच्या ऑफिसात पोचायला लागणारी मिनिटं, आडवा बॉक्स प्लॉट. डावी व्हिस्कर २२ ला सुरू, बॉक्स ३० ते ४६, आतली रेघ ३४ वर, उजवी व्हिस्कर ६८ ला संपते, ८५ वर एक सुटं टिंब. चित्रावरून निश्चितपणे काय म्हणता येईल?
(अ) ३४ ते ४६ मध्ये ३० ते ३४ पेक्षा जास्त कर्मचारी आहेत
(ब) सरासरी वेळ ३४ मिनिटं आहे
(क) निम्म्या कर्मचाऱ्यांना ३० ते ४६ मिनिटं लागतात
(ड) सरासरी मीडियनपेक्षा जास्त आहे
मी (क) केलं, की मध्ये (ड) आहे. कोण बरोबर?

पाचपाखाडीकर
की बरोबर आहे. रेघ बॉक्सच्या डाव्या कडेला चिकटलीये, उजवी व्हिस्कर डावीच्या जवळजवळ तिप्पट, वर ८५ चं टिंब, राइट स्क्यू अजून कसा दाखवायचा माणसाने? शेपूट उजवीकडे असली की मीन मीडियनच्या उजवीकडे, एवढं बघायचं आणि पुढच्या प्रश्नावर जायचं. परीक्षेत एका प्रश्नाला मिनिट दीड मिनिट मिळतो, तिथे पीएचडी करत बसू नका.

कोपरखैरणे सेक्टर ११
मला तर (अ) वाटतंय बुवा. आमच्या सोसायटीत पाण्याच्या बिलावरून भांडण झालं तेव्हा सेक्रेटरीने असाच चार्ट लावला होता नोटीस बोर्डावर, कुठल्या वापराचे किती फ्लॅट, खांब मोठा तिथे फ्लॅट जास्त, सगळ्यांना पटलं आणि मीटर बसवायचं ठरलं. इथे बॉक्सचा उजवा तुकडा डाव्याच्या तिप्पट आहे की, मग माणसं तिथेच जास्त ना?

वागळे इस्टेट
काका, तुमच्या नोटीस बोर्डावर होता तो हिस्टोग्राम, तिथे खांबाची उंची म्हणजे मोजलेले फ्लॅट. बॉक्स प्लॉटमध्ये मोजणी दिसतच नाही, कारण रेघा माणसं मोजूनच मारलेल्या असतात, पहिला पाव हिस्सा संपला की एक रेघ, अर्धे झाले की दुसरी, पाऊण झाले की तिसरी. त्यामुळे डावी व्हिस्कर, बॉक्सचे दोन तुकडे आणि टिंबासकट उजवी व्हिस्कर, चारही ठिकाणी माणसं साधारण सारखीच. समजा २०० माणसं आहेत, मग ३० ते ३४ या चार मिनिटांत ५० आणि ३४ ते ४६ या बारा मिनिटांतही ५०च. मिनिटामागे बघितलं तर डावीकडे साडेबारा माणसं, उजवीकडे जेमतेम चार. म्हणजे अरुंद तुकड्यात गर्दी आणि रुंद तुकड्यात पांगापांग, अगदी उलटं. याच डेटाचा हिस्टोग्राम काढला तर ३० ते ३४ चा खांब सगळ्यात उंच दिसण्याची शक्यता दांडगी आहे. तेव्हा (अ) गेलं.
(ब) तर लगेच जातं, आतली रेघ मीडियनची असते. एक्सेलमध्ये काढलेल्या बॉक्सवर मीनसाठी × ची खूण आपोआप येते, तशी खूण इथे असती तर विषयच संपला असता. ताई, चित्रात × आहे का बघा.

ऐरोलीची तयारी
नाही दादा, × नाहीये. फक्त रेघ.

रबाळे एमआयडीसी
मुळात चित्रच चुकलंय हो. आयक्यूआर १६, त्याची दीडपट २४, ४६ अधिक २४ म्हणजे ७०. व्हिस्कर ७० पर्यंत पाहिजे, ६८ ला कशी थांबली? असले प्रश्न रद्दच करायला पाहिजेत, पैसे घेतात ना टेस्ट सिरीजचे.

वागळे इस्टेट
हिशेब बरोबर आहे, पण ७० ही हद्द झाली, व्हिस्करचं टोक नाही. त्या हद्दीच्या आतला जो शेवटचा खरा आकडा असेल तिथे व्हिस्कर थांबते. कुणाला ६८ मिनिटं लागली, ६९ किंवा ७० वाला कोणीच नाही, म्हणून ६८. ८५ हद्दीच्या बाहेर, म्हणून सुटं टिंब. डावीकडे हद्द ३० वजा २४ म्हणजे ६ वर येते, तिथे कोणी जवळपासही नाही, व्हिस्कर २२ ला म्हणजे सगळ्यात लवकर पोचणाऱ्यावर थांबली. चित्र एकदम नीट आहे. उलट दोन्ही व्हिस्कर अगदी हद्दीच्या आकड्यावरच संपताना दिसल्या असत्या तर मला संशय आला असता की कोणीतरी डेटा न बघता हाताने काढलंय.

आता खरी गोष्ट (ड). प्रश्नात "निश्चितपणे" लिहिलंय ना, मग सरासरी कमीत कमी किती येऊ शकते ते काढून बघा. चार गट, प्रत्येक गटातली माणसं जमेल तितकी खाली ढकला. पहिले पन्नास २२ वर, दुसरे पन्नास ३० वर, तिसरे ३४ वर, चौथे ४६ वर. चारांची सरासरी ३३. चित्रात ६८ आणि ८५ दिसतात म्हणून तिथे एकेक माणूस ठेवायलाच लागतो, रेघांच्या आसपासचे दोन-चार जण नीट बसवायला लागतात, ते सगळं धरून २०० माणसांत सरासरी होते ३३.४ च्या आसपास. मीडियन ३४. म्हणजे बॉक्स, व्हिस्कर, टिंब हुबेहूब हेच ठेवून सरासरी मीडियनच्या खाली जाऊ शकते. वरच्या बाजूला सगळे ढकलले तर ती ४४ च्या थोडी वर जाते. ३३.४ ते ४४ मधला बहुतेक पट्टा ३४ च्या वर आहे, त्यामुळे (ड) खरं असण्याची शक्यता भरपूर, पण निश्चित नाही. (क) मात्र थेट बॉक्सवरून वाचता येतं.

पाचपाखाडीकर
साहेब, पन्नास माणसं बरोब्बर २२ मिनिटांत आणि पन्नास बरोब्बर ३० मध्ये पोचतात असा डेटा ठाण्यात मला दाखवा एकदा. ट्रान्सहार्बरला कोण एवढं शिस्तीत जातं? कधी गाडी लेट, कधी घणसोलीला उतरून रिक्षाच मिळत नाही. खऱ्या डेटात लोक पसरलेलेच असतात आणि पसरलेले असले की मीन वरच जाणार. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते ओळखायचं असतं.

वागळे इस्टेट
डेटा कृत्रिम आहे, मान्य, मुद्दाम तसाच केलाय. विधान "निश्चित" आहे का ते तपासायचं तर टोकाचाच डेटा घ्यावा लागतो. प्रश्नात "बहुधा" असतं तर मीही (ड) ला हो म्हटलं असतं, फक्त तेव्हा (क) पण खरंच राहिलं असतं आणि दोन उत्तरं झाली असती.

तुर्भे नाका
दोघं भांडताय पण माणसं किती ते कोणीच विचारलं नाही. मी ४० धरून तोच हिशेब केला. ६८ आणि ८५ ही दोन माणसं २०० मध्ये विरून जातात पण ४० मध्ये चांगली जड पडतात. सगळ्यांना जमेल तेवढं खाली ढकलूनही सरासरी ३५.१ च्या खाली येत नाही. म्हणजे ४० माणसं असतील तर (ड) निश्चित खरं! माझ्या अंदाजाने साधारण ८० च्या आत माणसं असतील तर पाचपाखाडीकर जिंकले, शंभर-सव्वाशे झाली की वागळेवाले. ताई, चित्रात कुठे n लिहिलाय का? बहुतेक वेळा खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो.

ऐरोलीची तयारी
अय्या हो, झूम केल्यावर दिसलं, अक्षाच्या खाली n = 200 असं लिहिलंय. मी तर तिकडे बघितलंच नव्हतं. आणि अक्ष २० पासून सुरू होतो, शून्यापासून नाही, त्याने काही फरक पडतो का?

वागळे इस्टेट
तुर्भेवाल्यांनी मस्त काढलंत, मी २०० नुसतं समजा म्हणून धरलं होतं. आता ते खरंच निघालं म्हणजे (ड) निश्चित म्हणता येत नाही.
अक्ष २० पासून असला तरी इथे बिघडत नाही, बॉक्स प्लॉटमध्ये आपण जागा वाचतो, लांबी शून्यापासून मोजत नाही. हिस्टोग्रामचा उभा अक्ष मात्र शून्यापासून नसेल तर सावध, दुप्पट उंच दिसणारा खांब प्रत्यक्षात थोडासाच मोठा असू शकतो. काकांच्या नोटीस बोर्डावरचा चार्टही एकदा तेवढ्यासाठी बघा :)

कोपरखैरणे सेक्टर ११
तो चार्ट फाटला केव्हाच. पण आता मला शंका यायला लागलीये सेक्रेटरीवर. मीटर काढता येतात का परत?

घणसोली लोकल
माझं वेगळंच म्हणणं आहे, (क) तरी कुठे निश्चित आहे? क्वार्टाइल काढायच्या पद्धती दोन-तीन आहेत, एक्सेलमध्येच QUARTILE.INC आणि QUARTILE.EXC दोन वेगळी फंक्शन्स आहेत, कधीकधी उत्तर वेगळं येतं. शिवाय बरोब्बर ३० मिनिटंवाले पाच-दहा जण असले तर ३० ते ४६ मध्ये निम्म्यापेक्षा जास्त होतील. मग "निम्म्या" कसं म्हणायचं? काटेकोर व्हायचं तर दोन्हीकडे व्हा.

वागळे इस्टेट
२०० माणसांत पद्धतीचा फरक एखाद्या माणसाचा पडेल, चित्रात दिसणारही नाही. सारख्या आकड्यांचा मुद्दा मात्र बरोबर आहे, काटेकोरपणे "किमान निम्म्या" हवं होतं. पण कमीत कमी निम्मे तर तिथे आहेतच, ते कुठल्याही डेटात मोडत नाही. (ड) मोडतं, मोडून दाखवलं वर.

घणसोली लोकल
"किमान" तुम्ही घातलंत, पेपरात नाहीये. तुम्ही (ड) मधल्या शब्दाला धरून बसलात, मी (क) मधल्या शब्दाला. माझ्या मते दोन्ही विधानं ढिली आहेत.

पाचपाखाडीकर
घ्या, आता एकही उत्तर उरलं नाही. ताई, की मध्ये (ड) आहे, मार्क कीप्रमाणे मिळतात. मी तरी (ड)च करेन.

तुर्भे नाका
टेस्ट सिरीज आहे ना, ऑब्जेक्शनची लिंक असेल. नुसतं "की चुकीची" लिहू नका, २०० माणसांचा तो डेटाच टाका. ४९ जण २२ वर, ५१ जण ३० वर म्हणजे ५०वा ते ९९वा... थांबा, मोजायला चुकेन, सरळ लिहितो: २२ चे ४९, ३० चे ५०, ३४ चे ५०, ४६ चे ४९, आणि ६८ व ८५ चा एकेक. बेरीज ६६८५, सरासरी ३३.४२५. ३४ चे पन्नास म्हणजे १०० वा ते १४९ वा, त्यामुळे मीडियन ३४ नीट बसतो. क्यू१ ला ५० वा आणि ५१ वा दोघंही ३०, क्यू३ ला १५० वा आणि १५१ वा दोघंही ४६. कोणीही एक्सेलमध्ये टाकून चेक करू शकतं.

ऐरोलीची तयारी
टाकला, बॉक्स अगदी तसाच आला, फक्त उभा, आणि × रेघेच्या किंचित खाली! ऑब्जेक्शन भरतेय. पण घणसोलीवाल्या दादांचं म्हणणं त्यात लिहू की नको? ते वाचून त्यांनी प्रश्नच रद्द केला तर मला (क) चा मार्क पण जाईल.

घणसोली लोकल
नका लिहू. ते इथल्यासाठी होतं.