अनुभव धागा : फ्रेशरच्या कव्हर लेटरमध्ये प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप कशी मांडलीत?

भाची यंदा मेकॅनिकल झाली. नोकरीचा अनुभव शून्य, हाताशी एक इंटर्नशिप आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. मुंबई-ठाण्याकडे अर्ज करताना तुम्ही नेमकं काय लिहिलंत आणि मुलाखतीत त्यावर काय विचारलं गेलं, ते सांगा.

कळवेकर : ताई, मी पण मेकॅनिकलच. रबाळे एमआयडीसीत इंटर्नशिप केली होती. पहिल्या मसुद्यात ‘सीएनसी मशीनची माहिती घेतली’ एवढंच होतं. मग तो परिच्छेद असा केला : ‘लेथवर जॉब बदलताना मशीन साधारण ५० मिनिटं बंद राहायचं. मी स्टॉपवॉच लावून नोंदी घेतल्या. बराच वेळ टूल शोधण्यात जात होता. पुढच्या जॉबची टूल्स मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर लावायला सुरुवात केली, तेव्हा वेळ ३५ मिनिटांवर आला. ट्रॉलीची मांडणी माझी, चकचे जॉ बदलायचा क्रम सुपरवायझरांचा.’ शेवटी एक ओळ, तुमच्याकडेही छोट्या बॅचचं काम आहे म्हणून हे लिहितोय.

मुलाखत त्याच परिच्छेदावर झाली. नोंदी किती घेतल्या? आधी आणि नंतर जॉब तोच होता का, ऑपरेटर तोच होता का? ऑपरेटर वेगळा होता, तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. कंपनीचं ड्रॉइंग मात्र जोडू नका, ते आपलं नसतं.

अंधेरी पूर्व : उगाच मेहनत! कव्हर लेटर कोणी वाचत नाही. जाहिरातीतले शब्द बायोडेटात भरा, बाकी सॉफ्टवेअर बघून घेतं.

भरती विभागातली : मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर बऱ्याचदा तसंच होतं, दादा. पण वीस-तीस माणसांच्या कंपनीत मेल थेट मालक उघडतो, तिथे मेलचा मजकूर हेच कव्हर लेटर. आमच्याकडे एकाच ग्रुपच्या दोघांनी प्रोजेक्टचा परिच्छेद शब्दशः सारखा पाठवला होता. दोघांनाही विचारलं, सर्किट कोणी जोडलं? एकाला मल्टिमीटरनं काय मोजलं तेही सांगता येईना. चौघांचा प्रोजेक्ट असेल तर ‘आम्ही’ एकदाच, पुढे ‘मी’ काय केलं ते.

डोंबिवली लोकल : माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे, पण जुनी कंपनी एक्स्पिरियन्स लेटर देत नाहीये. काय करावं?

भरती विभागातली : काका, हा फ्रेशरचा धागा आहे. वेगळा काढा, तिथे बोलू.

कोडवाला : कॉम्प्युटरवाल्यांनी गिटहबची लिंक देण्याआधी ती लॉगआउट करून उघडून बघा. रेपो प्रायव्हेट राहिला तर समोरच्याला 404 दिसतं. रीडमीमध्ये प्रोग्रॅम कसा चालवायचा तेवढं तरी हवंच.

धागाकर्ती : कळवेकर, तुमचा परिच्छेद तिला दाखवला, ती आता स्वतःच्या नोंदवह्या काढून बसलीय. तिची तिसऱ्या सेमला एक केटी होती, नंतर सुटली. ती लिहायची का?

कळवेकर : पत्रात नको. फॉर्ममध्ये विचारलं तर खरं भरायचं.

भरती विभागातली : मी असते तर एका ओळीत लिहिलं असतं. आमच्या साहेबांना मार्कशीटवर दिसल्यावर विचारायला आवडत नाही.