मदत हवी आहे: ई-सायकलची बॅटरी फुल दाखवते आणि चढावर बंद पडते. बीएमएस काढून वायर डायरेक्ट करू का?

सिडकोकर_पॅडल
मंडळी, जरा सल्ला द्या. सिडकोतून सातपूर एमआयडीसीत कामाला ई-सायकलने जातो. बॅटरी ४८ व्होल्ट, १० एएच. आत १८६५० सेल आहेत, पॅकवर १३ एस ४ पी लिहिलंय. नवी होती तेव्हा एका चार्जमध्ये ३५ किमी आरामात जायची, आता २० वर आलीये.

खरा वैताग वेगळाच आहे. डिस्प्लेवर दोन काड्या शिल्लक असतात आणि चढ लागला की सगळं एकदम ठप्प. थोडं थांबून स्विच बंद-चालू केला की सपाटीवर पुन्हा चालते. चार्जरचा हिरवा दिवा वेळेवर लागतो आणि फुल चार्जनंतर मीटरवर ५४.५ व्होल्ट येतात, म्हणजे जेवढे हवेत तेवढे.

रिपेअरवाल्याचं म्हणणं, पॅक एकदम ओके आहे, बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा बोर्ड, उगाच सप्लाय तोडतोय. त्याच्या बॅटरीकडची बी-मायनस आणि बाहेर जाणारी पी-मायनस वायर थेट जोडून देतो, तीनशे रुपये. करून घेऊ का? आणि ते बॅलन्सिंग बॅलन्सिंग म्हणतात ते आत नेमकं होतं कसं?

गंगापूररोड_रायडर
डायरेक्ट अजिबात करू नकोस भाऊ. सेलमध्ये फरक पडलाय, बाकी काही नाही. ऑनलाइन ५ अँपिअरचा ॲक्टिव्ह बॅलन्सर मिळतो, तो लाव आणि विसरून जा. माझ्या पॅकला लावला, रेंज परत आली. मूळ बीएमएसचं बॅलन्सिंग नुसतं नावाला असतं.

सोल्डर_काका
रायडर, तुमचं निम्मं बरोबर आहे. पण पॅक न मोजताच औषध कशाला? सिडकोकर, १३ एस ४ पी म्हणजे चार-चार समांतर सेलचे १३ ग्रुप सिरीजमध्ये, आणि ५४.५ ही त्या १३ ग्रुपची बेरीज आहे. बेरीज बरोबर असून आतला एखादा ग्रुप उपाशी असू शकतो. बीएमएसला जाणारा पातळ वायरींचा कनेक्टर शोधा. त्यात १४ वायरी असतील. शेजारच्या दोन-दोन पिनांमध्ये मोजत गेलात की एकेका ग्रुपचा व्होल्टेज मिळेल. आधी मीटरच्या दोन्ही टोकांवर श्रिंक स्लीव्ह चढवून फक्त २ मिमी धातू उघडा ठेवा. टोक घसरून दोन पिना शॉर्ट झाल्या तर ठिणगी उडेल आणि पिन जळेल. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

आकडे दोन वेळचे हवेत. एक हिरवा दिवा लागल्या लागल्या, चार्जर चालू असतानाच. दुसरा सायकल चढावर बंद पडेल तेव्हाचा, घरी आल्यावर मोजला तरी चालेल.

काठेगल्ली_मीनल
मध्येच विचारते, सॉरी. माझ्या जुन्या पॉवरबँकेत दोन सेल आहेत, त्यातला एक फुगलाय. नवा एकच सेल टाकला तर बॅलन्सिंगचा प्रॉब्लेम येईल का? आतल्या बोर्डवर बीएमएस असं काही लिहिलेलं दिसत नाही.

सोल्डर_काका
मीनलताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. साध्या पॉवरबँकेत सेल समांतर असतात, म्हणजे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र. त्यांचा व्होल्टेज आपोआपच एक राहतो, त्यामुळे तिथे बॅलन्सिंग लागतच नाही. बोर्डवरची छोटी चिप फक्त जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि शॉर्ट सांभाळते. लॅपटॉप चालवणाऱ्या मोठ्या पॉवरबँकेत सेल सिरीजमध्येही असू शकतात, तिथे मात्र लागतं.

पण फुगलेल्याशेजारी नवा सेल घालू नका. दुसराही तेवढाच जुना आहे. शिवाय एक भरलेला आणि एक रिकामा सेल समांतर जोडला की भरलेल्यातून रिकाम्यात जोराने करंट धावतो, तो थांबवायला मध्ये काहीच नसतं. ती पॉवरबँक ई-कचऱ्यात द्या. तोवर चार्ज करू नका, टोचून तर अजिबात पाहू नका.

सिडकोकर_पॅडल
काका, मोजलं. चार्जर चालू असताना बारा ग्रुप ४.२१ ते ४.२४ मध्ये आहेत आणि सातवा ३.९१. चढावर बंद पडल्यावर घरी आणून मोजला, तर बाकीचे ३.६८ च्या आसपास आणि सातवा ३.१५. म्हणजे सातवाच ना गुन्हेगार?

सोल्डर_काका
आजारी सातवा आहे, गुन्हेगार कोण ते पुढे बघू.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चार्जरला आतलं काही दिसत नाही, त्याला ५४.६ व्होल्ट पुरे करायचे असतात. सातवा ३.९१ वरच राहिला की उरलेले ५०.७ व्होल्ट बारा जणांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी ४.२२ च्या वर. नेमकं तेच तुम्हाला दिसतंय. एखादा ग्रुप ४.२५ ला टेकला की बीएमएस चार्जिंग तोडतो. सातवा अजून फरक घेऊन बसला तर बाकीचे त्या रेषेवर आदळणारच.

बॅलन्सिंग करायला बोर्डवर प्रत्येक ग्रुपला एक छोटा रेझिस्टर आणि एक मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. ग्रुप साधारण ४.१८-४.२० च्या वर गेला की मॉसफेट चालू होतो आणि त्या ग्रुपचा थोडा करंट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातो. भरलेल्यांना असं जरा थोपवून ठेवलं की मागे राहिलेला वर येतो. थोडक्यात, पंगतीत पुढे गेलेल्यांना जरा थांबवायचं. पण हा करंट किती? १०० ओमचा रेझिस्टर असेल तर ४२ मिलिअँपिअर. सातवा ३.९ वर आहे म्हणजे साधारण पाव रिकामा, २.५ एएच. ४२ मिलिअँपिअरने एवढा फरक भरायला ६० तास लागतील, आणि तेही ग्रुप वरच्या टोकाला असतील तेवढ्याच वेळात. हिरवा दिवा दिसताच चार्जर काढला तर तो वेळ मिळतच नाही. म्हणून रायडर म्हणतात ते ‘नावाला’ इतपत खरं आहे. रोजचा किरकोळ फरक तो निस्तरतो, एवढी दरी भरून काढणं त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

आता चढाचं. चढावर करंट वाढतो, सातवा २.८ ला पडतो आणि बीएमएस आउटपुट तोडतो. त्या क्षणी बाकीचे ३.६ वर असतात, बेरीज ४६ व्होल्ट. डिस्प्ले बेरीजच बघतो, त्याला वाटतं बॅटरी भरपूर आहे. म्हणून दोन काड्या शिल्लक दिसतात.

तीनशे रुपयांत डायरेक्ट केलं तर सातवा २.८ ला थांबणार नाही. बाकीचे बारा त्याच्यातून करंट ढकलत राहतील. तो शून्याकडे आणि कदाचित त्याच्याही खाली, उलट्या दिशेला जाईल. एवढा खोल गेलेल्या सेलमध्ये आतला तांब्याचा पत्रा विरघळतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणजे रस्त्यावर कदाचित काही होणार नाही, पण रात्री चार्जिंगला लावल्यावर होऊ शकतं. तुमच्या रिपेअरवाल्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या दुकानात तर सायकल छान पळते.

गंगापूररोड_रायडर
काका, मग ॲक्टिव्ह बॅलन्सर का नको? तो जास्तवाल्याकडून काढून कमीवाल्यात टाकतो, वाया काहीच घालवत नाही.

सोल्डर_काका
टाकतो की. पण कमी का आहे ते तो विचारत नाही. सेल आतून गळत असेल तर तुम्ही आजारी सेलला रोज भरवत राहाल आणि आकडे मात्र सगळे सारखे दिसतील. आधी कारण शोधा, मग हवं तर बसवा.

सिडकोकर, दोन आकडे पुन्हा बघा. ग्रुप वर सगळ्यांबरोबर आणि फक्त खाली मागे पडला असता, तर त्याची क्षमता घटली म्हटलं असतं. तुमचा वरही मागे आहे, म्हणजे चार्ज कुठेतरी जातोय. सेलमध्ये, नाहीतर बोर्डात. पण सगळा दोष तेवढाच नाही. पाव रिकामा एवढंच असतं तर रेंज २६ वर यायला हवी होती, तुमची २० आहे. म्हणजे सातव्याची क्षमताही थोडी गेलीय.

असं करा. चार्जर आणि सायकल दोन्ही काढून ठेवा. १ अँपिअरच्या सिंगल सेल चार्जिंग बोर्डने, टीपी४०५६ वाला चालेल, फक्त सातवा ग्रुप ४.२० पर्यंत भरा. तीनेक तास लागतील, समोर बसून करा. मग बॅलन्सचा कनेक्टर काढून पॅक आठवडाभर तसाच ठेवा आणि मोजा. नंतर कनेक्टर लावून पुन्हा तेवढाच वेळ. कनेक्टर परत लावताना मुख्य बी-मायनस आधीच जोडलेला असू द्या.

सिडकोकर_पॅडल
केलं काका. कनेक्टर काढलेला असताना सातवा ४.१८ वर टिकला, शेजारच्यांसारखाच. कनेक्टर लावून ठेवल्यावर सातवा ४.११ वर आला आणि शेजारचे ४.१७. म्हणजे बोर्ड?

सायकलही चालवून पाहिली. २६ किमीला मुद्दाम थांबलो, तोवर बंद पडली नाही. तेव्हा बाकीचे ३.५५ आणि सातवा ३.३.

सोल्डर_काका
बोर्डच. सातव्याच्या मॉसफेटमधून गळती आहे. तो पूर्ण चालू अडकला असता तर दिवसाला एक एएच गेला असता आणि तुम्हाला आठवड्यात कळलं असतं. तुमची गळती त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी आहे, म्हणून हळूहळू दरी पडत गेली. तेच १३ एस, लिथियम-आयनचा बोर्ड घ्या. दुकानदार १३ एस म्हणून एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, देईल तर घेऊ नका, त्याच्या मर्यादा वेगळ्या असतात.

गंगापूररोड_रायडर
आणि सातव्यातले चार सेल? ते बदलायचे का? २६ ला ३.३ म्हणजे अजून मागेच आहे तो.

सोल्डर_काका
माझं मत, बोर्ड बदला आणि सेल सध्या ठेवा. जुन्या पॅकमध्ये चार नवे सेल घातले की तो ग्रुप बाकीच्यांपेक्षा मोठा होतो, मग वेगळाच फरक सुरू होतो.

गंगापूररोड_रायडर
मला पटत नाही. नवा ग्रुप मोठा झाला तर झाला, कमी तर पडणार नाही. आणि सातवा आधीच कधी २.८ च्या खाली गेला नसेल याची खात्री काय?

सोल्डर_काका
खात्री नाही, हे मान्य. सिडकोकर, नवा बोर्ड लावल्यावर चार्ज करताना सातव्यावर हात ठेवून बघा. शेजाऱ्यांपेक्षा गरम लागला तर रायडरचं ऐका.

सिडकोकर_पॅडल
बोर्ड मागवतोय. तोवर चार्जिंग गच्चीवर, दिवसा, सावलीत. रिपेअरवाल्याला हे सातव्याचे आकडे दाखवले तर म्हणाला, "साहेब, एवढं कोण मोजतं?"